तो कोण गं?

दोन मैत्रिणी बोलताहेत. पहिली सांगते, ‘रात्री दोनला येतो. हॉर्न ऐकला की मी तशीच खाली धावते. नवरा घोरत पडलेला असतो. जरा उशीर झाला, तर दुसऱ्या गल्लीत निघून जातो.’ दुसरीचे डोळे विस्फारतात. ‘अगं बाई! कोण तो?’ ‘टँकर!’

ही घडण जुनी आहे. अमीर खुसरोच्या नावावर असलेल्या कहमुकऱ्या याच घाटाच्या: सखी वर्णन करते, दुसरीला साजण वाटतो, पहिली साफ नाकारते आणि भलतंच काही पुढे करते. संस्कृत अलंकारशास्त्रात याच्या जवळचा अलंकार आहे, छेकापह्नुती.

आता विनोदाची तपासणी करा. टँकर कळल्यावर मागे जाऊन प्रत्येक वाक्य पुन्हा वाचा. टँकर खरंच दोनला येतो, हॉर्न वाजवतो, उशीर झाला तर थांबत नाही. एकही वाक्य खोटं नाही. चूक झाली ती ऐकणाऱ्याच्या तर्कात, म्हणून तो स्वतःवरच हसतो. यात ‘त्याचे डोळे घारे आहेत’ एवढं घातलं की विनोद मेला, कारण टँकरला डोळे नसतात. ही दिशाभूल नव्हे, थाप आहे. फॉरवर्ड होऊन येणारे निम्मे विनोद इथेच पडतात, आणि मला त्याचा राग येतो. उलट टोकाची चूक म्हणजे अति इशारे. ‘नवऱ्याला पत्ता लागू देत नाही’ म्हटलं की श्रोता सावध होतो. खुद्द सांगणारीच त्याला साजणाकडे ढकलते आहे, हे त्याला दिसतं. नवरा नुसता घोरत असावा. बाकीचं श्रोता करतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे: क्रियापद लिंग सांगतं. टँकर ‘येतो’ म्हणून पुरुषाचा भास टिकला. तिथे पाणी असतं तर ‘येतं’ म्हणावं लागलं असतं आणि पहिल्याच वाक्यात साजण गायब. म्हणून उत्तराची वस्तू आधी निवडायची, पुल्लिंगी निवडायची, मग मागे जात वाक्यं रचायची. आणि ते उत्तर एकाच शब्दात द्यायचं. ‘अगं, तो आपला पाण्याचा टँकर येतो ना, त्याच्याबद्दल बोलतेय मी’ यात हसू वाटेतच सांडतं.

पण हा विनोद मराठवाड्यातल्या टंचाईच्या गावात सांगू नका. तिथे ‘रात्री दोनला’ ऐकताच बाया म्हणतील, टँकर. त्यांच्या मनात पहिला अर्थच तो. तिथे रचना उलटी हवी: ‘उन्हाळ्यात येतो. अख्खं घर वाट बघतं. आला की सगळी भांडी बाहेर निघतात. पुन्हा कधी येणार, ते सांगून जात नाही.’ ‘टँकर ना?’ ‘नाही गं, जावई!’