आदल्या रात्रीची पत्रलेखिका

लग्नाच्या आदल्या रात्री मुलीला पत्र लिहिणारी आई महाराष्ट्राच्या मध्यमवर्गात सर्वत्र आढळते. पुणे, सातारा, सांगली, नाशिक या बाजूला जरा जास्तच. एरवी ती ओळखू येत नाही. वर्षानुवर्षे तिचे लेखन वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब यांपलीकडे गेलेले नसते. वाढदिवसाच्या भेटकार्डावरही ती फक्त ‘आई’ एवढेच लिहिते, आणि तेही बाबांनी आधी सही केली असेल तर उरलेल्या जागेत. तिच्यातली लेखिका आयुष्यात एकदाच, एका रात्रीपुरती जागी होते.

लेखनाची वेळ सहसा ठरलेली असते. संध्याकाळी सीमांतपूजन होते. पूर्वी वऱ्हाड गावच्या शिवेवर आले की तिथे जाऊन वराची पूजा करीत. आता शीव कार्यालयाच्या हॉलपर्यंत सरकली आहे. या वेळी विहीणबाईंचे पाय धुणे, ओटी भरणे हे सारे वधूच्या आईकडे असते. मग जेवणे होतात. वरपक्षाच्या खोल्यांत पाण्याचे जग आणि जास्तीच्या दोन उशा पोचवाव्या लागतात. रात्री साडेअकराच्या सुमारास ती वधूपक्षाच्या खोलीत येते तेव्हा सगळ्या गाद्या भरलेल्या असतात. मावश्या घोरत असतात आणि करवल्या मेंदीचे हात छातीवर उताणे टाकून झोपलेल्या असतात. नवरी मधोमध झोपलेली असते, तिला उठवायची कोणाची छाती नसते. उजेड फक्त बाथरूमच्या दारापाशी असतो. ही मराठी आई आपले एकमेव साहित्य उलट्या बादलीवर बसून लिहिते, याची वाङ्मयाच्या इतिहासाने अजून दखल घेतलेली नाही.

पत्रच का, याचे कारण साधे आहे. त्या दिवशी तिला मुलीशी बोलता येत नाही. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असतो, त्यामुळे सगळ्या जगाचे प्रश्न तिच्याकडे येतात. गुरुजींना सुपारी हवी असते, मामांना टॉवेल हवा असतो, कोणाच्या तरी बाळाला गरम पाणी हवे असते. दिवसभरात मायलेकींचे जे बोलणे होते त्यात पिना, ब्लाउजचा हूक आणि ‘जेवलीस का’ यांखेरीज काही सापडत नाही. उद्याही सापडणार नाही. सकाळी मुलगी पिवळी साडी नेसून गौरीहरापाशी बसेल आणि काही घरांतल्या रीतीप्रमाणे मंगलाष्टके चालू असताना आई मांडवात न थांबता तुळशीपाशी जाऊन बसेल. तेव्हा जे काही सांगायचे ते याच रात्री, आणि कोणी जागे न होता.

साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंचे पत्र हा या प्रकाराचा चांगला नमुना आहे. कागद केटररच्या हिशेबाच्या वहीतला होता. पाठीमागे ‘जिलबी 12 किलो, मठ्ठा, विडे’ असे लिहिलेले आहे. वर मधोमध ‘॥ श्री ॥’, उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली ‘मंगल कार्यालय, खोली क्र. 4’. भूगोलाच्या शिक्षिकेला आपण कुठे आहोत हे आधी नोंदवावेच लागते. मायन्यात ‘चि. सौ. कां.’ असे पत्रिकेसारखे लिहून पुढे मुलीचे पूर्ण नाव घातले होते. ते खोडले. त्याखाली ‘प्रिय’ आले, तेही खोडले. शेवटी जे राहिले ते ‘ठमे’ असे आहे. मुलगी पुण्यात 30 जणांच्या टीमची प्रमुख असून तिला या नावाने हाक मारण्याचा अधिकार जगात दोनच माणसांना आहे.

पहिला परिच्छेद सरळ रेषेत, वळणदार अक्षरात आहे. ‘तू झालीस तेव्हा परतीचा पाऊस चालू होता’ अशी सुरुवात करून बाईंनी तो नैर्ऋत्य मोसमीचाच, माघारी जाताना पडणारा पाऊस असल्याचे स्पष्ट केले आहे. मुलगी विसरली असेल तर, एवढ्यासाठीच.

दुसऱ्या परिच्छेदात या जातीच्या प्रत्येक आईची खरी कसोटी लागते. इथे उपदेश अपेक्षित असतो. सासरी निघालेल्या मुलीला उपदेश करण्याची परंपरा थेट कालिदासाच्या ‘शाकुंतला’पर्यंत जाते. चौथ्या अंकात कण्वमुनी शकुंतलेला वडीलधाऱ्यांची सेवा कर, सवतींशी सखीसारखी वाग, पती रागावला तरी उलटू नकोस, असे बरेच काही सांगतात आणि मग गौतमीला तिचे मत विचारतात. वधूला उपदेश असतो तो एवढाच, असे म्हणून गौतमी विषय आटोपता घेते. पत्र लिहिणारी आई कण्वांची नव्हे, गौतमीची वारस आहे. तिलाही सुरुवातीला कण्व व्हावेसे वाटते, पण ते जमत नाही.

साताऱ्याच्या बाईंनी ‘तिथे सगळ्यांच्या आधी उठत जा’ असे लिहिले आणि त्यावर इतकी गडद काट मारली की कागद फाटला. पुढचे वाक्य त्या काटेचे कारण सांगते. ‘हे माझ्या आईने मला सांगितलं होतं. मी पहिल्या दिवशी 8 वाजता उठले. तुझी आजी स्वतः चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, सूनबाई, निदान चहाला तरी उठा. त्या दिवसापासून आमचं जमलं.’ ज्या आजीचा हा उल्लेख आहे ती त्या वेळी त्याच खोलीत, तिसऱ्या गादीवर, सर्वांत मोठ्याने घोरत होती. मुलीने स्वयंपाकाची काळजी करू नये असेही एक वाक्य अर्धवट आहे. जावई चहा आणि पोहे मुलीपेक्षा चांगले करतो हे केळवणाच्या दिवशी सिद्ध झाल्याचे लक्षात येऊन ते सोडून दिलेले दिसते. उपदेश संपला तो इथेच.

उपदेश संपला की अक्षर सैल होते आणि पत्र खरे सुरू होते. या भागात ही आई काहीतरी कबूल करते. मोठे गुपित क्वचितच असते, बहुधा ते रुखवतातले असते. रुखवत हे वधूपक्षाचे प्रदर्शन असल्यामुळे तिथली प्रत्येक वस्तू घरीच केलेली असल्याची समजूत सर्वांनी पाळायची असते. बाईंची कबुली अनारशांची आहे. अनारशासाठी तांदूळ 3 दिवस भिजवावे लागतात, पाणी रोज बदलावे लागते. मग ते कपड्यावर पसरून, जरा दमट असतानाच कुटून, चाळून, गूळ घालून गोळा करून ठेवायचे. बाईंनी हे सगळे केले, पण लग्नघरात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नादात गूळ दोनदा पडला. गूळ जास्त झाला की खसखशीवर थापलेला अनारसा तुपात पडताच हसतो. जाळी धरण्याऐवजी विरघळून कढईभर पसरतो. तांदळाची पिठी मिसळून पाहिली. मग ते हसले नाहीत, पण दगड झाले. ‘तेव्हा रुखवतातले अनारसे विकतचे आहेत,’ असे पत्र सांगते. ‘मी ते आपल्या पितळी डब्यात घातलेत. मामीने पाककृती विचारली तर तू घाईत आहेस असं दाखव.’

यानंतरचा मजकूर अन्नपूर्णेविषयी आहे आणि तो पत्रातला सर्वांत लांब भाग आहे. गौरीहरात मांडलेली चांदीची अन्नपूर्णा पुढे नवरीबरोबर सासरी जाते. बाईंनी नवी मूर्ती न घेता स्वतःच्या लग्नातली दिली होती. तिच्या हातातली पळी वाकडी आहे. सोनाराकडे नेऊन ती सरळ करून घ्यावी असे आत्याचे मत पडले. बाईंनी नेली नाही. ‘तू 3 वर्षांची असताना देवघरातून हिला उचलून अंगणात नेलंस आणि तिच्या पळीने चिखलाची आमटी ढवळलीस. मी तुला मारलं. नंतर तू झोपलीस तेव्हा तुझ्या मुठीत ती पळी होती, मूर्तीसकट. मला ती सोडवता येईना, म्हणून त्या रात्री देवी तुझ्या पांघरुणात झोपली. पळी वाकडीच राहू दे. कोणी विचारलं तर जुनी आहे म्हण.’ मारल्याबद्दल माफी मागितलेली नाही. एका फटक्याची नोंद 26 वर्षे जपून ठेवणे हाच या प्रकारातल्या आयांचा माफी मागण्याचा प्रकार असतो.

शेवट नेहमीप्रमाणे ‘कळावे’ने होतो आणि मग ताजा कलम येतो. बाईंच्या पत्राला तीन ताजे कलम आहेत. पहिल्यात मेतकूट निळ्या पिशवीत असल्याचे कळवले आहे. दुसऱ्यात, बाबा उद्या रडणार नाहीत असे सगळ्यांना सांगत सुटले आहेत, तरी त्यांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत रुमाल ठेवला आहे, अशी माहिती आहे. तिसऱ्यात फक्त ‘झोप येत नाही’ एवढेच आहे. पत्राचे सार काढायचे झाल्यास ते त्या तिसऱ्यातून काढावे.

पत्र पोचवणे हा या लेखिकेचा कच्चा विषय आहे. हातात द्यायला ती लाजते, मोबाइलवर पाठवावे तर कागद वाया जातो, बॅगेत ठेवावे तर बॅग सासरी सर्वांसमोर उघडली जाण्याची भीती असते. बाईंना रात्री दोन वाजता साधे पाकीट मिळाले नाही, म्हणून त्यांनी वर रुपया चिकटवलेले आहेराचे पाकीट घेतले आणि पहाटे मुलीच्या पर्समध्ये सरकवले. करवलीने पाकीट पाहिले, पर्समध्ये आहेर कसा आला म्हणून ते कर्तव्यबुद्धीने आहेराच्या पिशवीत टाकले. पाठवणीनंतर आत्या वही घेऊन बसल्या, पाकिटे फोडू लागल्या. त्या वहीत 187 व्या ओळीवर ‘सौ. वहिनी: रु. 1 व पत्र’ अशी नोंद आहे. आत्यांनी पत्र वाचले नाही असे त्या सांगतात. मात्र त्या संध्याकाळपासून त्यांनी सोनाराचा विषय पुन्हा काढलेला नाही.

पत्र मुलीला तिसऱ्या दिवशी, परतभेटीला आली तेव्हा मिळाले. अशा पत्राला पत्राने उत्तर देण्याची पद्धत नाही आणि या मुलीनेही ते दिले नाही. पुण्याला पोचल्यावर तिने फोन केला आणि अनारशांचे आपल्याला लग्नाच्या दोन दिवस आधीच ठाऊक होते असे सांगितले. पितळी डब्यात बाईंनी अनारसे दुकानाच्या कागदासकट ठेवले होते. तो किमतीचा कागद मामी यायच्या आत मुलीनेच काढून टाकला होता.