पांढऱ्या पट्ट्याची किंमत

ज्या रस्त्यावर पट्टा नाही त्या रस्त्यावर पट्टा न सोडण्याची विद्या विकत घेण्यासाठी एक लक्ष ऐंशी हजार रुपये अधिक मोजावेत काय, या प्रश्नाने आमचे स्नेही वासूनाना सध्या व्याकुळ आहेत. मोटार तीच, इंजिन तेच. परंतु वरच्या व्हेरिएंटमध्ये काचेआड एक कॅमेरा बसविलेला असून, ही मोटार आपण होऊन ब्रेक लावते व आपली लेनही राखते, असे विक्रेत्याने त्यांना सांगितले आहे.

लेन राखण्याच्या या विद्येचे मर्म एवढेच की कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे न्याहाळतो आणि इंडिकेटर न देता मोटार त्यांवरून ढळू लागली की स्टिअरिंगला सौम्य हिसका देऊन तिला पूर्ववत करतो. बहुतेक मोटारींत हे ज्ञान ताशी 60 किलोमीटरच्या आसपास वेग गाठल्यावरच जागृत होते. नानांचा नित्याचा प्रवास कोथरूड ते हडपसर. तेव्हा या वेगाचे दर्शन त्यांना पहाटे किंवा स्वप्नातच व्हायचे. पण तो योग आला असे क्षणभर मानले, तरी पट्टा कोठून आणावा? आमच्याकडे पट्टा रंगविण्याचा मुहूर्त आणि रस्ता खणण्याचा मुहूर्त यांत सहसा फारसे अंतर पडू दिले जात नाही. पट्टा उरलाच तर तो एकटा उरत नाही. वळण बदलल्यावर जुना पट्टा खोडण्याची तजवीज कोणीच न केल्यामुळे जुना व नवा असे दोन पट्टे परस्परांना छेद देत पडलेले असतात, आणि पावसाळ्यातल्या रात्री तर डांबराचा चकाकणारा सांधाही स्वतःस पट्टा म्हणवून घेतो. या तिघांपैकी अस्सल कोण याचा निवाडा कॅमेऱ्याने निमिषार्धात करावयाचा आणि तो चुकला तर हिसका मात्र नानांच्या मनगटाला! शिवाय खड्डा चुकविण्यासाठी आपण गाडी किंचित उजवीकडे घेतो तेव्हा इंडिकेटर देण्याची आपल्याकडे वहिवाट नाही. साहजिकच, हा मनुष्य पेंगला आहे असा यंत्राचा ग्रह होतो आणि ते त्याला मोठ्या ममतेने पुन्हा खड्ड्याकडे वळवू पाहते. दोन दिवसांत मालक ही सोय बंद करून ठेवतो. पैसे अर्थातच परत मिळत नाहीत.

ब्रेकचे प्रकरण मात्र निराळे आहे, आणि येथे थट्टा थांबवावी लागते. ताशी 60 किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात 16 मीटरांहून अधिक अंतर कापते. चालकाची नजर दीड सेकंद फोनवर गेली की 25 मीटर रस्ता ब्रेकला पाय लागण्यापूर्वीच संपलेला असतो, आणि त्यापुढे कोरड्या डांबरावर थांबण्यास सुमारे 20 मीटर लागतात. स्वयंचलित ब्रेक वाचवतो तो मुख्यतः हा पहिला हिस्सा. मोटार पूर्ण थांबली नाही व धडकेच्या क्षणी वेग 60 वरून 30 वर आला, तरी धडकेतली ऊर्जा निम्मी नव्हे, चतुर्थांश होते. द्रुतगती मार्गावर पुढे ट्रक अकस्मात थबकलेला असताना या चतुर्थांशाचे मोल कोणत्या दरपत्रकात लिहावे? मर्यादा आहेतच. एखादी रिक्षा हातभर अंतरावरून आडवी घुसली तर यंत्रालाही पदार्थविज्ञानाचे नियम मोडता येत नाहीत. बंपरवर चिखलाचा थर बसला तर त्यामागचा रडार आंधळा होतो. आणि नसत्या शंकेने ब्रेक करकचून लागला तर मागून चिकटून येणारा टेम्पो आपल्या डिकीत प्रवेश करतो.

आमचा संताप आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. हा ब्रेक सुटा मिळत नाही. त्यासोबत उघडणारे छत, थंड होणारी आसने, चौसष्ट रंगांचे दिवे आणि भिंतीएवढा पडदा घ्यावाच लागतो, आणि त्या सगळ्यांसह वाढलेल्या किमतीवर रस्ताकर व विमाही वाढून येतो. ज्याला मूल वाचवायचे आहे त्याने आधी छप्पर उघडे करावे, हे कोणत्या दरबारचे फर्मान? गरजेपुरते औषध मागणाऱ्याला सोन्याची डबी घेतल्यावाचून पुडी मिळणार नाही म्हणून सांगावे, त्यातलाच हा प्रकार. आणि याला ग्राहकाची पसंती म्हणण्याचा निर्लज्जपणा वर!

नानांना आम्ही सांगितले ते असे. दर आठवड्यास द्रुतगती मार्ग तुडविणाऱ्याने ब्रेकसाठी पैसे मोजावेत आणि लेन राखणे हा वर मिळालेला नफा समजावा. गावातच फिरणाऱ्याने खालच्या व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग व घसरण रोखणारी स्थिरता-नियंत्रणाची व्यवस्था आहे ना, एवढे पाहून उरलेली रक्कम बँकेत ठेवावी. मात्र वरचा घ्यायचाच असेल तर ब्रेक कोणत्या वेगापर्यंत चालतो, आणि दुचाकी व पादचारी त्याला रात्री दिसतात काय, हे लेखी मागावे. आणखी एक विचारावे: ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने पुढची काच तडकली, तर नवी काच बसवून कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवून घेण्याचा खर्च किती, आणि तो विमा सोसतो की नाना.