रस्त्याच्या कडेचे मामा

शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी भौरद, अकोला, वाडेगाव करत पातुरात येते, तेव्हा बहुतेक जून महिना असतो. मृगाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, पेरणीचं बियाणं घरात येऊन पडलेलं असतं आणि हातात काम नसतं. पालखी आत्ता येते, मग येते, असं करत माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना तासन् तास उभी राहतात. शेजारचा माणूस अनोळखी. ऊन मात्र दोघांनाही सारखंच. अशा वेळी तुमच्या डाव्या खांद्याच्या जरासं मागून एक आवाज येतो. तो आवाज मामांचा.

मामा कुणाचे, हे विचारू नये. पांढरा पायजमा, खिशाला पेन, काखेत दुमडलेला दुपट्टा आणि पायात जी चप्पल असेल ती. असा एक गृहस्थ वऱ्हाडातल्या प्रत्येक मिरवणुकीत, कावडीत आणि टेनिस बॉलच्या सामन्यात सापडतो. त्यांना बघायला काही मिळालं नाही तरी चालतं, बघणारे मिळाले पाहिजेत.

मामा बडबडे आहेत, असा त्यांच्याबद्दल सर्रास गैरसमज आहे. बडबड्या माणसाजवळून लोक सरकतात. मामांजवळ लोक सरकून येतात, आणि त्यामागे मोठं शास्त्र आहे. पहिलं म्हणजे मामा कधी कुणाच्या समोर उभे राहत नाहीत. समोर उभा राहून बोलतो तो एकतर पोलीस, नाहीतर वर्गणीवाला. मामा बाजूला उभे राहतात, अर्धं पाऊल मागे. दोघांचीही नजर रस्त्याकडे. त्यामुळे उत्तर द्यायचं नसेल तर शेजारच्याला मान वळवावीच लागत नाही. न ऐकल्यासारखं करायची पूर्ण सोय मामांनीच करून ठेवलेली असते. माणूस पळून जाऊ शकतो म्हणूनच तो पळत नाही, हे मामांना ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे मामांचं पहिलं वाक्य माणसाला उद्देशून नसतंच. ते हवेला उद्देशून असतं.

"आज उशीर झाला वाटते."

यात प्रश्न नाही, उत्तराची अपेक्षा नाही. शेजारी "हं" म्हणाला तरी चालतं, नाही म्हणाला तरी चालतं. मामा मग पाचेक मिनिटं गप्प. ही पाच मिनिटं फार महत्त्वाची. नवशिके इथेच घात करतात. लगेच दुसरं वाक्य टाकतात, तिसरं टाकतात, आणि शेजारी हळूच शरबताच्या टपरीकडे निघून जातो.

पाच मिनिटांनंतर मामा त्यांचं ब्रह्मास्त्र काढतात. ते मुद्दाम चुकीचं बोलतात.

एकदा एक तिशीतला तरुण मोबाइल वर धरून उभा होता. चष्मा, पाठीवर बॅग, बुटांवरून पुण्याचा. मामा हवेला म्हणाले, "आता इथून निघाली का पालखी, सरळ मालेगावले जाईन."

तरुणानं मोबाइल खाली घेतला. "काका, मधे मेडशी नाही का?"

"हाव ना बाप्पा! मेडशी त राह्यलीच!"

मामा गेली कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात मेडशीच्या लग्नांना जातात. पातुराहून वाशीमकडे जाताना मालेगावच्या आधी मेडशी लागते, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. पण मेडशी त्या तरुणाला सापडू द्यायची होती. ज्याच्याकडून आपण काही शिकलो, त्याच्याशी वाकडं वागता येत नाही असं म्हणतात. मामांचा अनुभव याच्या उलटा आहे. ज्याला आपण काही शिकवलं, त्याच्याशी वाकडं वागताच येत नाही. पुढची दहा मिनिटं तो तरुण मामांना पालखीचा सगळा रस्ता समजावून सांगत होता. मामा "असं का!" आणि "मले वाटलंच नाही!" एवढ्या दोन वाक्यांवर तग धरून होते.

हे अस्त्र चालवायला मात्र पथ्य लागतं. चूक लहान असली पाहिजे, आणि दुरुस्त करण्याजोगी. मामांच्या पुतण्यानं एकदा याच गर्दीत उभं राहून "यंदा पालखीत काही दम नाही" असं विधान हवेत सोडलं. दुरुस्ती करायला एकाच वेळी पंधराजण वळले आणि पुतण्याला मागच्या गल्लीतून घर गाठावं लागलं. देवाबद्दल चुकायचं नाही, श्रद्धेबद्दल चुकायचं नाही, समोरच्याच्या गावाबद्दल तर नाहीच नाही. गावं, वेळा, भाव आणि पाऊस एवढ्याच विषयांत चुकायची मुभा आहे. निवडणुकीत चुकू नये; तिथे दुरुस्ती संपतच नाही.

तरुण मोकळा झाला की मग तिसरी पायरी. "कुठचे होय तुम्ही?"

मामा आडनाव कधीच विचारत नाहीत. आडनाव विचारलं की माणूस आतून दार लावून घेतो, कारण पुढचा हिशोब त्याला माहीत असतो. गाव विचारलं की अंगणातच खाट टाकतो. त्यातही मामांना बारकावे ठाऊक. एखादा म्हणाला "पातूरचा", तरी मामा विचारणार, "कोनतं पातूर?" कारण अकोला तालुक्यात दुसरं पातूर नंदापूर आहे. आपल्या पातुराला जुन्या कागदांत पातूर शेख बाबू म्हणतात, ते इथल्या दर्ग्यावरून. टेकडीवरची रेणुकामाता, डोंगरात कोरलेली लेणी आणि शेख बाबूंचा दर्गा या तिन्हींच्या साक्षीनं पातूरकर स्वतःला खरे पातूरकर समजतो, आणि "कोनतं?" म्हटल्यावर पाच मिनिटं तावातावानं बोलतो. मामांना तेवढंच हवं असतं.

तरुण पुण्यात नोकरीला होता, घर अकोल्याला, पण आई मळसूरची.

"मळसूर!" मामा एवढ्या आनंदानं म्हणाले की शेजारच्या मावशींनी पण मान वळवली. "घर कोनत्या बाजूले? शाळेकडे का मारोतीकडे?"

"मारोतीच्या मागे."

"विहीर आहे तिथं?"

"होती. आता बुजवली."

बस्स. आडनाव न विचारता मामांना घर कळलं, आळी कळली, बुजवलेल्या विहिरीवरून साधारण कोणत्या पिढीत आई लग्न होऊन बाहेर पडली, तेही कळलं. मग मळसूरहून सस्ती, सस्तीहून विवरा, विवऱ्याहून आलेगाव असं फिरत, मामांच्या साडूची बहीण आणि तरुणाच्या आईची चुलत मावशी एकाच मांडवात उभ्या राहिल्या. "म्हणजे आमच्या गावची लेक होय तुमची माय! तुम्ही भाचेच झाले आमचे." तीन गावांच्या आत नातं लागलं नाही, असं मामांच्या हयातीत झालेलं नाही. फार झालं तर चौथं गाव घ्यावं लागतं.

हेच मामा क्रिकेटच्या मैदानावर वेगळे दिसतात. तिथे गोलंदाज धावत निघाला की ते बोलत नाहीत. चेंडू पडून गोलंदाज वळला, की तो परत खुणेपर्यंत जाईस्तोवर एक वाक्य. षटक संपलं की दोन वाक्यं. पंचांकडे अपील असेल तर एक "आरारा". सुरुवात मात्र तीच: "किती झाले?" गावच्या मैदानावर धावफलक कुणालाच दिसत नसल्यामुळे हा प्रश्न कुणालाच खटकत नाही.

आणि ब्रह्मास्त्र इथेही तेच. रणजीचा विषय निघाला, की मामा साळसूदपणे म्हणतात, "जामठ्याच्या फायनलमधी लीड केरळची होती ना?" 2025 च्या त्या अंतिम सामन्यात विदर्भानं 379 केले, केरळचे 342 झाले, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. हे मामांना पाठ आहे. पण मामांच्या प्रश्नावर आजूबाजूचे चारजण एकदम ओरडतात, "सदतीसची लीड आपली होती काका!" त्या चारजणांची आपसातही तोवर ओळख नसते. मामांना बोलणारे मिळतात, चौघांना मित्र मिळतात, आणि केरळवर सगळ्यांचं एकमत होतं.

पालखीत मात्र एक सीमा मामा पाळतात. वारकऱ्यांशी ते बोलत नाहीत. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या रांगा, खांद्यावरच्या पताका, टाळांचा ठेका यात कुणी "कुठचे होय?" म्हणून घुसलं तर पाऊल चुकतं. त्यांना पाणी द्यायचं, वाट द्यायची. मामांचा अख्खा कारभार रस्त्याच्या कडेचा. तसंच कोण बोलायच्या मनःस्थितीत नाही, हे त्यांना चट्कन कळतं. उत्तर एका शब्दाचं आलं, बॅग उजव्या खांद्यावरून दोघांच्या मधल्या खांद्यावर आली, किंवा अनवाणी माणूस डोळे मिटून पुटपुटत असला, की मामा दुपट्टा झटकून पुढच्या झाडाखाली जातात. एकट्या बाईशी आधी बोलत नाहीत, सोबत पोर असेल तर पोराला "पालखीत घोडा पाह्यला का?" विचारतात, आणि आईला वाटलं तर आई बोलते. शेवटी, मोबाइल नंबर घ्यायचा नाही. पालखी गेली की नातंही रस्त्यावरच ठेवून जायचं. पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा नव्यानं लावता येतं.

या शास्त्रात फक्त एक अडचण उद्भवते. यंदा शरबताच्या टपरीशेजारी दोन मामा एकमेकांच्या खांद्याला लागून उभे राहिले.

"वाडेगावून सकाळीच निघाली म्हंतात," पहिले हवेला म्हणाले.

"हाव, आता इथून सरळ मालेगाव," दुसरे हवेला म्हणाले.

पहिल्यांनी मेडशी सांगितली नाही. त्यांना सांगायची नव्हती, वदवून घ्यायची होती. ते म्हणाले, "मालेगावून मंग उद्याच रिसोड."

दुसऱ्यांनीही मधलं शिरपूर जैन गिळलं. "रिसोडून मंग पंढरपूर किती राह्यलं? दोन दिवस."

पालखी अजून पातुरात शिरली नव्हती आणि दोघांनी मिळून ती पंढरपुरात पोचवली होती. महिन्याभराची पायी चाल तीन वाक्यांत. दोघेही दुसऱ्यानं चूक काढावी म्हणून डोळे रस्त्याला लावून थांबलेले. शेवटी समोर बसलेल्या सातवी-आठवीतल्या मुलाला राहवेना. तो वळून म्हणाला, "बाबा, मेडशी लागते मंधात. आन् शिरपूर सोडलं तुम्ही. आन् दोन दिवसात काय विमानानं जातीन का?"

दोन्ही मामा एकाच वेळी वाकले, आणि मुलाला कळायच्या आत दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न आला. मुलानं गावाचं नाव सांगितलं, "चान्नी." पहिल्या मामांनी सस्तीकडून निघून चान्नी गाठायला सुरुवात केली, दुसऱ्यांनी आलेगावकडून. दुसरे जास्त चपळ निघाले. त्यांचा भाचा आधी ठरला.