पन्नासला एक कमी

डोंबिवलीत दोन माणसं एकमेकांना वेळ विचारतात ती घड्याळ नाही म्हणून नाही. दोघांच्या खिशात मोबाईल असतो, डोक्यावर इंडिकेटर असतो, शिवाय त्याच वेळी बाईचा आवाज कोणती गाडी कुठल्या फलाटावर येते ते सांगत असतो. तरी विचारतात. पण तो गप्पांचा प्रकार झाला. भाषेच्या वर्गात तसं चालत नाही, हे कळायला मला निवृत्तीनंतरचे तीन शनिवार लागले.

झालं असं, की शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून घरी बसलो तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला मराठी शिकवायला बसवलं. सोसायटीत मराठी न येणारे सातजण निघाले. तिसऱ्या मजल्यावरचे तमीळ मामा, केरळच्या नर्स (त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात), फरसाणवाले शेठ, एक उत्तर प्रदेशी इलेक्ट्रिशियन आणि इतर तिघं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, सोसायटीच्या हॉलमध्ये. शेजारच्या खोलीत त्याच वेळी हार्मोनियमचा क्लास असे, त्यामुळे आमच्या क्रियापदांना कायम सूर मिळाला.

पहिल्या दिवशी मी जोड्या लावल्या आणि फळ्यावर लिहिलं : ‘तुमचं नाव काय? तुम्ही कुठे राहता?’ मामांनी शेठना विचारलं, ‘तुम्ही कुठे राहता?’ शेठ म्हणाले, ‘तुमच्या डोक्यावर.’ खरंच होतं. शेठ चौथ्या मजल्यावर राहतात आणि रात्री अकराला ओढलेला त्यांचा पलंग मामांना ऐकू येतो. नाव, गाव, मुलं, मुलांचे पगार, सगळं एकमेकांना ठाऊक. वाक्यं बरोबर होती, पण ती बोलायची गरज कुणालाच नव्हती. माझ्या घरीही गेली चौतीस वर्षं हेच चाललंय. ‘आज भाजी कसली?’ असं मी विचारतो आणि ‘गवारीच्या शेंगा तुम्हीच आणल्यात ना?’ असं उत्तर येतं. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर तो प्रश्न नसतो, तो घसा साफ करणं असतं.

तेव्हा मला एन. एस. प्रभू आठवले. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला होता. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना सोडवायला कामं द्यायची. नकाशे द्यायचे, रेल्वेची वेळापत्रकं द्यायची. त्यांनी कामांचे तीन प्रकार पाडले होते : माहितीची दरी, तर्काची दरी आणि मताची दरी. पहिल्यात एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नसतं. दुसऱ्यात असलेल्या माहितीतून काहीतरी निष्कर्ष काढावा लागतो. तिसऱ्यात आपापलं मत सांगायचं. डोंबिवलीत मताची दरी मुद्दाम खणायची गरज नाही, पाण्याच्या टँकरवरून ती आमच्या सोसायटीत कायमच उघडी असते. मी पहिली घेतली.

दुसऱ्या शनिवारी लोकलचं एक वेळापत्रक मनाने तयार केलं. अर्धं एका कागदावर, उरलेलं दुसऱ्यावर. जोडीदाराला विचारून रिकामे चौकोन भरायचे. दोन मिनिटांत सगळे कागद भरून माझ्या हातात. मी खूश. मग मामांच्या कागदावर नजर गेली. ‘टिटवाळा’ लिहिताना शेठच्या कागदावर माझ्या हातून एक काना राहिला होता, आणि मामांच्या चौकोनातही नेमका तोच काना नव्हता. ऐकून लिहिणारा माणूस माझी चूक करत नाही, स्वतःची करतो. मामांनी बघून लिहिलं होतं. त्यांचाही दोष नाही. तीस वर्षं लोकलमध्ये दुसऱ्याच्या खांद्यावरून पेपर वाचलेल्या माणसाला समोरचा कागद उघडा दिसत असताना ‘कृपया सांगाल का’ असं विचारायला लावणं हा मानसिक छळ आहे.

आधी खुर्च्या पाठीला पाठ लावून पाहिल्या. पण हार्मोनियममुळे ओरडावं लागे, आणि समोरच्याला कळलं की नाही हे तोंड पाहिल्याशिवाय समजत नाही. शेवटी हॉलच्या कोपऱ्यातले छोटे कॅरम बोर्ड कामी आले. टेबलावर मध्ये बोर्ड उभा केला की चेहरा दिसतो, कागद दिसत नाही. बोर्डाच्या भोकांतून एक डोळा बारीक करून पाहता येतं हे इलेक्ट्रिशियनने शोधून काढलं, पण भोकांच्या जाळ्या काढून तिथे आम्ही पुठ्ठा चिकटवला.

दुसरी अडचण हिंदीची. नड आली की माणूस हाताशी असेल त्या भाषेत शिरतो. दर हिंदी वाक्याला पाच रुपये दंड लावला, तर शेठनी पन्नास रुपये आगाऊ भरले. मग लक्षात आलं, की मी त्यांना काम दिलंय, हत्यारं दिली नाहीत. पुढच्या वेळी आधी पाच मिनिटं फक्त चार वाक्यं घोटून घेतली : ‘गाडी कधी सुटते?’ ‘ठाण्याला कधी पोहोचते?’ ‘पुन्हा सांगा.’ ‘म्हणजे किती?’ यातली शेवटची दोन महत्त्वाची. ती नसतील तर न कळलेला माणूस नुसती मान हलवतो.

तिसरी अडचण प्रभूंनी आधीच सांगितली होती, मी विसरलो होतो. नुसती माहितीची देवघेव त्यांना फारशी पसंत नव्हती, त्यांचा भर तर्कावर होता. आमच्या हॉलमध्ये का ते दिसलं. एकजण आकडे वाचतो, दुसरा लघुलेखक होतो. ‘सात नऊ.’ ‘हं.’ ‘सात छत्तीस.’ ‘हं.’ याला संभाषण म्हणायचं तर फलाटावरच्या बाईलाही गप्पिष्ट म्हणावं लागेल. म्हणून तिसऱ्या शनिवारचा कागद मी दोन रात्री बसून केला. तो सांगतो, कारण मला अजून त्याचा अभिमान आहे.

दोघांना मिळून ठाण्याला गडकरी रंगायतनला साडेआठच्या नाटकाला जायचंय. एकाच गाडीने. स्टेशनपासून पुढे चालत पंधरा मिनिटं. शेठ या खेळापुरते कल्याणला राहतात, त्यांच्या कागदावर चार गाड्यांच्या कल्याणच्या वेळा आणि कोणती फास्ट, कोणती स्लो, एवढंच. अंबरनाथहून येणारी स्लो ७.०९, टिटवाळ्याची फास्ट ७.२९, कल्याणहूनच सुटणारी स्लो ७.३९, बदलापूरची फास्ट ७.४९. सिस्टर डोंबिवलीच्या, त्यांच्या कागदावर त्याच गाड्यांच्या डोंबिवलीच्या आणि ठाण्याच्या वेळा, पण मुद्दाम उलटसुलट क्रमाने, म्हणजे ‘पहिली, दुसरी’ म्हणून भागत नाही, गाडीचं नाव घेऊनच विचारावं लागतं. शिवाय दोघांना एकेक अडचण, जी दुसऱ्याला माहीत नाही. शेठ सव्वासातच्या आत स्टेशनवर येऊ शकत नाहीत. सिस्टर ड्यूटीहून पावणेआठच्या आत पोहोचत नाहीत.

अंबरनाथची शेठमुळे गेली. टिटवाळ्याची डोंबिवलीला ७.३६, ती सिस्टरमुळे गेली. कल्याण स्लो डोंबिवलीला ७.५२, ठाण्याला ८.१८, म्हणजे नाट्यगृहात ८.३३, पडदा वर गेलेला. उरली बदलापूर फास्ट : मागाहून सुटून डोंबिवली ७.५६, ठाणे ८.१२, आणि आठ सत्तावीसला दारात. हे उत्तर कुठल्याच एका कागदावर नाही, दोघांनी बोलल्याशिवाय निघतच नाही.

मी हॉलमध्ये मागे हात बांधून फिरत होतो. मामांच्या टेबलावर दोन मिनिटांत शुकशुकाट. ‘झालं?’ मामा म्हणाले, ‘नाटक कॅन्सल.’ त्यांनी ‘पावणेआठ’ हे आठ आणि वर पाऊण तास असं धरलं होतं. तमिळमध्ये पावणेआठला ‘सात आणि तीन चतुर्थांश’ म्हणतात, त्यांचं चुकलं कुठे? पावणेआठ म्हणजे आठला पाव कमी, हे मराठी माणूस लहानपणी गिळून टाकतो आणि मग परक्याकडे पाहून हसतो. तरी मामांना अजून मी दीड आणि अडीच सांगितलेलं नाही. साडेतीन असतं पण साडेएक नसतं, हे कळल्यावर ते वर्ग सोडतील अशी मला भीती आहे.

खरी मजा सिस्टरच्या टेबलावर. शेठ म्हणाले, ‘बदलापूर फास्ट सात एकोणपन्नास.’ सिस्टरनी लिहिलं ७.५१. एक आणि पन्नास, एक्कावन्न. त्यांच्या मल्याळममध्ये चाळीस आणि नऊ असा सरळ हिशेब असतो. मी पुढे सरसावलो आणि जीभ चावून थांबलो. शिक्षकाला सगळ्यांत जड काम हेच, उत्तर तोंडात असताना हार्मोनियम ऐकणं.

‘सात एक्कावन्न?’ सिस्टरनी विचारून घेतलं. मी शिकवलेलं ‘म्हणजे किती’ त्यांनी वापरलं नाही, पण काम तेच केलं. शेठ दचकले. ‘नाही नाही. एकोणपन्नास.’ ‘तेच. एक, पन्नास.’ शेठच्या गुजरातीत ओगणपचास आहेच, त्यामुळे यात न कळण्यासारखं काय हे त्यांना कळेना. मग बोर्डावरून पाच बोटं वर आली, त्यातलं एक मिटलं, आणि शेठ म्हणाले, ‘पन्नास नाय. पन्नासला एक कमी.’

हे वाक्य मी शिकवलं नव्हतं. सिस्टर थांबल्या, वर पाहिलं, मग कागदावरच्या बाकी वेळांकडे पाहिलं आणि भराभर बोलू लागल्या : ‘एकोणतीस, तीसला एक कमी? एकोणचाळीस, चाळीसला एक कमी?’ मी चारपैकी तीन वेळा मुद्दाम ‘एकोण’वाल्या घेतल्या होत्या, कारण शेपूट नीट ऐकलं नाही तर माणूस दहा मिनिटांनी चुकतो. पण जमलेला सापळा मोडला तो फरसाणवाल्याने. ‘मग एकोणऐंशी पण?’ सिस्टर म्हणाल्या. वेळापत्रकात एकोणऐंशी मिनिटं नसतात, ते त्या आनंदाच्या भरात विसरल्या.

त्यानंतरच्या शनिवारी साधं काम घेतलं : स्वयंपाकघराच्या ओट्याची दोन चित्रं, आठ फरक. ‘वर, खाली, मागे, शेजारी’ यांच्यासाठी. फरकांचा आकडा आधी सांगावाच लागतो, नाहीतर तीन सापडले की लोक चहाला उठतात. सातजणांत एक सुटा राहात होता म्हणून बायकोला बोलावलं. आयत्या वेळी आणखी एक शेजारी आला आणि तिला जोडीला मीच उरलो. कॅरम बोर्डाच्या पलीकडे ती, अलीकडे मी. चित्रं मीच काढलेली, पण आठवणीतून, आणि माझ्या वाट्याला मूळ आलं होतं.

‘तुमच्याकडे मिसळणाचा डबा कुठे आहे?’

‘ओट्यावर, शेगडीच्या उजवीकडे. आपल्यासारखा.’

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग : ‘अहो, तो डबा तिथून हलवून दहा वर्षं झाली. बरं, पिठाचा डबा कुठे असतो सांगा.’

मी बोर्डाच्या कडेवरून हळूच मान उंचावली.

‘पाहायचं नाय, सर!’ मागून शेठ ओरडले. ‘विचारायचं!’