आकडा ज्या वाक्यात, अट त्याच वाक्यात

‘दरमहा फक्त पाच हजार गुंतवा आणि कोट्यधीश व्हा!’ पैशांवरचे मराठी व्हिडिओ बघणाऱ्यांना हे वाक्य आता तोंडपाठ आहे. त्यातलं गणित खोटं नाही. खोटी आहे ती मांडणी. व्हिडिओ करणारे बहुतेक जण फसवायला बसलेले नसतात. ते आकडा आधी सांगतात आणि अटी खालच्या वर्णनात टाकतात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

आधी गणित मांडू. दरमहा 5,000 रुपयांची एसआयपी, वर्षाला 12 टक्के परतावा, मुदत 26 वर्षं. कॅल्क्युलेटर सुमारे 1 कोटी 7 लाख दाखवतो. खिशातून गेले 15 लाख 60 हजार. आता बाकी काही न बदलता फक्त परताव्याचा आकडा बदला. 10 टक्क्यांनी साडेचौऱ्याहत्तर लाख होतात, 8 टक्क्यांनी साडेबावन्न. म्हणजे चार टक्के इकडचे तिकडे झाले की निम्मी रक्कम गायब. ते 12 टक्के कुणी कबूल केले आहेत? कुणीच नाही. तो कॅल्क्युलेटरच्या चौकटीत आपणच भरलेला आकडा आहे. कॅल्क्युलेटर दर महिन्याला बरोबर एक टक्का वाढ धरतो. बाजार असा कधीच चालत नाही.

म्हणून स्क्रिप्टमध्ये परताव्याचा एकच आकडा ठेवू नये. तीन ठेवावेत, आणि सर्वांत लहान आधी सांगावा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिला आकडा घर करतो. आधी कोटी ऐकला की नंतरचे साडेबावन्न लाख त्याला अपवाद वाटतात.

दुसरी गोष्ट महागाईची. वर्षाला 6 टक्के महागाई धरली तर 26 वर्षांनंतरच्या त्या 1 कोटी 7 लाखांत आजच्या सुमारे साडेतेवीस लाखांएवढीच खरेदी होईल. ‘कोट्यधीश’ हा शब्द इथे गळून पडतो. प्रेक्षक कोटी ऐकून आजचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणतो. त्याला तो 26 वर्षांनंतरच्या भावाने घ्यायचा आहे. शिवाय सगळे पैसे एकदम काढले तर करही आहे. आजच्या नियमांनुसार शेअर बाजारात गुंतवणाऱ्या फंडावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के कर लागतो. या उदाहरणात तो अकरा लाखांच्या वर जातो. कराचे नियम बदलतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘आजच्या नियमांनुसार’ हे शब्द आणि व्हिडिओची तारीख हवीच.

तिसरी गोष्ट पडझडीची. ‘बाजारात चढउतार असतात’ हे वाक्य कानावरून जातं, कारण त्यात रुपये नाहीत. जानेवारी 2020 मध्ये सेन्सेक्स 42,000 च्या घरात होता. 23 मार्चला तो 26,000 च्या खाली बंद झाला. दोन महिन्यांत एवढी घसरण. हेच असं सांगा: ‘तुमचे दहा लाख साठले असते तर दोन महिन्यांत स्क्रीनवर सव्वासहा लाखांच्या आसपास दिसले असते.’ पुढे बाजार सावरला हेही सांगा, पण प्रत्येक वेळी तो इतक्या लवकर सावरेलच असं सांगू नका. मुलीच्या फीचे पैसे ज्याला त्याच मार्चमध्ये लागले, त्याला पुढच्या सावरण्याचा काय उपयोग? म्हणून ‘पाच वर्षांत लागणारे पैसे इथे ठेवू नका’ ही ओळ स्क्रिप्टमधून काढता येणार नाही.

आता या ओळी ठेवायच्या कुठे? म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीतला तो इशारा सगळ्यांना आठवतो, कारण तो घाईघाईने उरकला जायचा. इंग्रजीत तो 14 शब्दांचा आहे, आणि तो स्पष्ट समजण्यासाठी किमान पाच सेकंद दिले जावेत, असं उदाहरण सेबीच्या नियमांतच दिलं गेलं. शेवटी जोडलेला इशारा रीलमध्ये तर आणखी निरुपयोगी ठरतो. लोक शेवटपर्यंत थांबत नाहीत. कुणीतरी पहिली पंधरा सेकंदं कापून व्हॉट्सॲपवर टाकतं आणि खालचं वर्णन सोबत जातच नाही. बरेच जण आवाज बंद करून बघतात. म्हणून अट आकड्याच्याच वाक्यात बोलावी आणि पडद्यावर आकड्याएवढ्याच अक्षरात लिहावी. तळाशी लिहू नये, तिथे ॲपची बटणं आणि नावं येतात. मग व्हिडिओ कुठूनही कापला तरी अट आकड्याला चिकटून राहते.

याच गणितावर साधारण मिनिटभराची स्क्रिप्ट अशी होते:

‘महिना पाच हजार, 26 वर्षं. 8 टक्के परतावा धरला तर साडेबावन्न लाख, 10 टक्के धरला तर साडेचौऱ्याहत्तर लाख, 12 टक्के धरला तर एक कोटी सात लाख. यातला कुठलाही आकडा मिळेलच असं नाही, याहून कमीही मिळू शकतो. महागाई 6 टक्के धरली तर 12 टक्क्यांचा तो कोटीही आजच्या साडेतेवीस लाखांएवढाच. 2020 च्या मार्चपर्यंत बाजार दोन महिन्यांत एक तृतीयांशाहून जास्त पडला होता. तेव्हा पाच वर्षांत लागणारे पैसे यात घालू नका. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा, क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडा. मी सेबीकडे नोंदणीकृत सल्लागार नाही, तुमचं उत्पन्न मला ठाऊक नाही. मी कुठल्याही फंडाचं नाव घेत नाही आणि या व्हिडिओसाठी मला कुणी पैसे दिलेले नाहीत.’

शेवटची दोन वाक्यं खरी असतील तरच बोला. खाली खातं उघडायची लिंक दिली असेल आणि त्यावर कमिशन मिळत असेल, तर ते बोलून दाखवा. ‘फक्त शैक्षणिक हेतूने’ एवढं लिहिलं की सुटलो, असं समजू नका. जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सेबीने हे स्पष्ट केलं, की निव्वळ शिकवणाऱ्याने शेअरचं नाव घेऊन भविष्यातली किंमत किंवा सल्ला सुचवताना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत. तुम्ही स्वतःला काय म्हणवता यापेक्षा तुम्ही काय बोललात, हे पाहिलं जातं.

काही जण म्हणतील, एवढ्या अटी घातल्या तर बघणार कोण? कमी लोक बघतील, शक्य आहे. पण जो कोटीच्या आशेने आत येतो, तोच पहिल्या पडझडीत एसआयपी बंद करून तोट्यात बाहेर पडतो. ‘साडेबावन्न लाख, कदाचित त्याहूनही कमी’ ऐकून आलेला माणूस मार्चमध्ये दचकतो, पण त्याने ते आधी ऐकलेलं असतं.

स्क्रिप्ट झाली की एक चाचणी करा. पहिली पंधरा सेकंदं घरातल्या अशा माणसाला ऐकवा, ज्याने कधी फंडात पैसे घातलेले नाहीत. मग विचारा, ‘काय मिळणार?’ ‘एक कोटी’ असं उत्तर आलं तर स्क्रिप्ट पुन्हा लिहा. ‘नक्की सांगता येत नाही, किती टक्के धरता त्यावर आहे’ असं आलं, तर रेकॉर्डिंगला बसा.