काल निघालेला साप आज शिरतो

सोसायटीच्या गटावर सकाळी पडलेला हा निरोप पाहा: ‘काल रात्री आवारात साप निघाला. वॉचमनने शिट्टी वाजवली. सगळे खाली धावले. तेवढ्यात काका येतात, काठी उगारतात, आणि साप टाकीखाली शिरतो. काका तिथेच उभे आहेत. मग सर्पमित्र आले. ते म्हणाले, ही धामण आहे. धामण बिनविषारी असते.’

वाचणाऱ्याला पहिली काळजी सापाची नाही, काकांची वाटते. रात्रभर काठी घेऊन उभे? कुणी चहा तरी दिला का?

काळ घसरला तो नेमका ‘तेवढ्यात’पाशी. गोष्ट रंगात आली की सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रसंग पुन्हा घडू लागतो आणि क्रियापद आपसूक वर्तमानात उडी मारतं. बोलताना हे शोभतंही. ‘मी दार उघडतो तर काय, समोर साप!’ असं म्हणताना आवाज चढतो, डोळे मोठे होतात आणि ऐकणाऱ्याला कळतं की गोष्ट कालचीच आहे. लिहिलेल्या निरोपाला ना आवाज ना डोळे. तिथे ‘उभे आहेत’ म्हणजे आत्ता, या क्षणी उभे आहेत.

दुरुस्तीसाठी फक्त क्रियापदं वेचावीत आणि प्रत्येकाला विचारावं, हे काल घडलं ना? मग येतात–आले, शिरतो–शिरला, उभे आहेत–उभे होते. ‘काका काठी उगारतात’ जरा हट्टी आहे. नुसतं क्रियापद बदललं तर ‘काका काठी उगारली’ असं काहीतरी विचित्र होतं. भूतकाळात ‘काकांनी काठी उगारली’ म्हणावं लागतं. म्हणजे काकांना ‘नी’ लागतो आणि क्रियापद काकांना सोडून काठीच्या मागे जातं.

पण या उत्साहात सगळेच वर्तमान झोडपू नयेत. ‘ते म्हणाले, ही धामण आहे’ बरोबरच आहे, कारण मराठीत माणसाचं बोलणं त्याने उच्चारलं त्याच काळात राहतं. ‘धामण बिनविषारी असते’ हेही तसंच ठेवावं. ‘असायची’ केलं तर हल्ली तिला विष चढलंय की काय, अशी शंका येईल.

सगळी गोष्ट वर्तमानातच रंगवायची हौस असेल, तर पहिल्या वाक्यापासून रंगवावी: ‘रात्रीची वेळ. आवारात साप निघतो. वॉचमन शिट्टी वाजवतो.’ मग शेवटी सर्पमित्रही ‘आले’ नव्हे, ‘येतात’. ‘काल’ हा शब्द मात्र काढावा लागेल.

आणि साप खरोखरच अजून टाकीखाली असेल, तर ते एक वाक्य वेगळं, सगळ्यात आधी पाठवावं. काकांचा पराक्रम मागाहून, सावकाश, भूतकाळात सांगता येईल.