बी.कॉम. झालात? अलिबागकडच्या नवअकाउंटंटांसाठी वापर-पुस्तिका

ही पुस्तिका उघडण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्या. तुमच्याकडे बी.कॉम.ची मार्कशीट आहे. तुम्ही अलिबाग, पेण, रोहा, मुरूड किंवा उरण यांपैकी कुठेतरी राहता. आणि घरातल्या किमान एका काकांनी "बँकेच्या परीक्षा दे" असं सांगून झालेलं आहे. काकांनी अजून सांगितलं नसेल तर निकाल लागलाच नाही असं समजून थांबावं.

पहिली पायरी म्हणजे जाहिरात वाचणं. आपल्याकडे ती बहुधा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते: "अकाउंटंट पाहिजे. टॅली, जीएसटी, एक्सेल येणे आवश्यक. दोन वर्षे अनुभव. फ्रेशर चालेल." यात विरोधाभास शोधत बसू नका. काम दोन वर्षं अनुभव असलेल्या माणसाचं आहे आणि पगार फ्रेशरचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जाहिरातीतल्या पदाच्या नावावर फार विसंबू नका, जागा कुठली ते पाहा. सीएच्या ऑफिसात तुम्ही 'अकाउंट्स असिस्टंट' असता. म्हणजे पिशवी भरून आलेली बिलं आधी तारखेप्रमाणे लावायची आणि मग टॅलीत चढवायची. तिथले आर्टिकल मात्र वेगळे. ते सीएचे नोंदणीकृत विद्यार्थी असतात, परीक्षा आली की सुट्टीवर जातात आणि तुम्ही उरता. थळच्या आरसीएफला किंवा डोलवीच्या जेएसडब्ल्यूला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे 'अकाउंटंट' म्हणून लागलात, तर अर्धा महिना हजेरीपटात जातो, कारण 15 तारखेच्या आत पीएफचं चलन भरायचं असतं. उरणला कंटेनरच्या यार्डात 'बिलिंग एक्झिक्युटिव्ह' लागतात, धाटावच्या एमआयडीसीत स्टोअरच्या नोंदी ठेवणारी मुलं लागतात. नागाव, वरसोली, किहीमच्या रिसॉर्टवर मात्र एकच पद असतं. त्याला अकाउंटंट म्हणतात, आणि शनिवारी गर्दी झाली की तोच रिसेप्शनवर बसतो.

मुंबईची नोकरी धरणार असाल तर एक सूचना. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. रो-रो आहे, पण तीही हवामान बघून. जूनमध्ये रुजू होणाऱ्यांनी पेणमार्गे जाणाऱ्या एसटीचं वेळापत्रक आधी पाठ करावं, मग सेक्शन.

दुसरी पायरी टॅलीची. क्लास लावा, त्याला पर्याय नाही. तिथे F5 म्हणजे पेमेंट, F6 रिसीट, F7 जर्नल, F8 सेल्स, F9 पर्चेस हे बोटांत बसेल. व्हाउचर भरता भरताच नवं लेजर हवं झालं तर Alt+C, हेही येईल. पण क्लासमध्ये किंवा घरी फुकट डाउनलोड केलेली टॅली बहुधा एज्युकेशनल मोडमध्ये चालते, आणि त्या मोडमध्ये नोंदी फक्त 1, 2 आणि 31 तारखेच्याच घालता येतात. त्यामुळे क्लासमधून बाहेर पडणाऱ्या मुलाची पक्की समजूत असते की व्यापारी महिन्यातून तीनच दिवस धंदा करतात, आणि जूनमध्ये तर दोनच.

या तीन तारखांची चेष्टा पुरे, कारण खरी परीक्षा नेमकी त्यांतच बसते. पुढचं उदाहरण घरच्या टॅलीवर जसंच्या तसं करून बघता येईल. माझ्या मते मुलाखतीला जाण्यापूर्वी करायचा अभ्यास एवढाच आहे.

समजा, नागावला भागीदारी फर्मचं एक कॉटेज आहे, जीएसटी नोंदणी असलेलं. इंदूरचं एक कुटुंब ऑनलाइन पोर्टलवरून खोली बुक करतं, 30 डिसेंबरच्या रात्री राहतं आणि 31 ला सकाळी निघतं. भाडं 6,000 रुपये. पाहुण्याने सगळे पैसे पोर्टलला भरलेत. 2 जानेवारीला कॉटेजच्या बँक खात्यात 5,202 रुपये जमा होतात. शेठ मोबाइलवरचा मेसेज दाखवून म्हणतो, "हे मारून टाक रे."

इथे नवशिक्या काय करतो? F6 दाबतो, बँक नावे, रूम भाडे जमा, 5,202. तेरीज जुळते, कारण दोन्ही बाजूंना तोच आकडा आहे. टॅली काही बोलत नाही. टॅलीला फक्त नावे आणि जमा सारखे हवे असतात, खरं-खोटं तिला कळत नाही.

आता बरोबर रीत. पाहुणा निघाला 31 डिसेंबरला, म्हणून बिल त्या तारखेचं. F8 दाबा, पार्टी म्हणून पोर्टलचं लेजर घ्या. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. म्हणजे भाडं 6,000, सीजीएसटी 150, एसजीएसटी 150, एकूण 6,300. पाहुणा मध्य प्रदेशचा म्हणून इथे आयजीएसटी लावण्याचा मोह होतो, आणि तो टाळायचा. खोलीच्या बाबतीत पाहुणा कुठला ते पाहत नाहीत, इमारत कुठे उभी आहे ते पाहतात. इमारत नागावला आहे, ती इंदूरला जात नाही.

मग 5,202 च का आले? मधल्या 1,098 रुपयांचा छडा पोर्टलच्या सेटलमेंट शीटमध्ये लागतो. ते शीट शेठला कधीच उघडता येत नाही, कारण पासवर्ड भाच्याकडे असतो. भाच्याला फोन करा. शीट उघडलं की दिसेल: कमिशन 15 टक्क्यांनी 900, त्यावर 18 टक्के जीएसटी 162. जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का, म्हणजे 30. आयकराचा टीडीएस 0.1 टक्का, म्हणजे 6. बेरीज करा: 1,098.

आता 2 जानेवारीच्या दोन नोंदी. F6 मध्ये बँक नावे 5,202, पोर्टल जमा 5,202. मग F7 मध्ये कमिशन 1,062, टीसीएस येणे 30 आणि टीडीएस येणे 6 ही तिन्ही नावे, पोर्टल जमा 1,098. पोर्टलचं लेजर उघडा. शिल्लक शून्य आली पाहिजे. काम बरोबर झालं की नाही हे ओळखायची खूण तीच. चार-पाच रुपयेही उरले तर ते 'राउंड ऑफ'ला ढकलू नका. त्या चार रुपयांत कधी कधी एक अख्खं बुकिंग लपलेलं असतं, दुसऱ्याच्या रद्द झालेल्या खोलीशी वजावट होऊन.

कमिशन 900 न धरता 1,062 का धरलं, हा प्रश्न मुलाखतीत विचारला तर मुलाखत घेणारा जाणकार आहे असं समजा. खोलीवरच्या त्या 5 टक्क्यांची अट अशी की इनपुट क्रेडिट घ्यायचं नाही. म्हणून 162 हा कर परत मिळत नाही, तो खर्चातच जातो. 30 रुपयांचं मात्र तसं नाही, ते जीएसटीच्या पोर्टलवर स्वीकारले की रोख खात्यात येतात. 6 रुपये 26एएसमध्ये दिसतात आणि फर्मच्या आयकरातून वजा होतात. आणि शेठने थर्टी फर्स्टच्या रात्री तीच खोली 9,000 ला दिली असेल, तर तिचा दर 18 टक्के होतो आणि तिथे क्रेडिट चालतं. मग एकाच महिन्याच्या कमिशनवरचा कर दोन वाटांनी कसा वाटायचा? हे सीएला विचारा. विचारायचं कधी हे कळणं हाही नोकरीचाच भाग आहे.

आता नवशिक्याच्या त्या 5,202 कडे परत बघू. त्याने विक्री 798 रुपयांनी कमी दाखवली, कर मुळीच दाखवला नाही, आणि डिसेंबरचं उत्पन्न जानेवारीत टाकलं. पोर्टलने मात्र आपल्या विवरणात याच जीएसटी नंबरासमोर 6,000 ची विक्री भरलेली असते. एका खोलीत हे कोणी बघत नाही. पूर्ण हंगामाच्या खोल्या झाल्या की दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून नोटीस येते, आणि तोपर्यंत नवशिक्या दुसऱ्या शेठकडे 'दोन वर्षे अनुभव' घेऊन गेलेला असतो.

एक्सेलबद्दल थोडक्यात. सर्टिफिकेटं सगळ्यांकडे असतात, एमएस-सीआयटीचं तर घरोघर. विचारतात एकच: खरेदीचं रजिस्टर आणि पोर्टलवरून उतरवलेलं 2बी यांतली बिलं जुळवता येतात का. VLOOKUP लावून बिल नंबर शोधायचा, एवढं ते काम. अडचण सूत्राची नसते. हार्डवेअरवाल्याने बिलावर 045 लिहिलेलं असतं, पोर्टलवर 45 भरलेलं असतं, आणि एक्सेल म्हणतं सापडलं नाही. तेव्हा आधी बिल नंबर नीट करा. सोबत जीएसटी नंबरही बघा. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानदाराचा 27 ने सुरू होतो. पेणच्या सिमेंटवाल्याचा नंबर 24 ने सुरू होत असेल, तर टायपिंग चुकलंय किंवा सिमेंट गुजरातहून आलंय.

शेवटची पायरी मुलाखतीची. ती अलिबागला बहुधा ऑफिसात होत नाही, दुकानाच्या काउंटरवर होते, मध्ये गिऱ्हाईक येतं आणि आपण बाजूला सरकतो. "टॅली येते ना?" असं विचारतील. नुसतं "हो" म्हणू नका. "पोर्टलच्या सेटलमेंटच्या एंट्र्या येतात, बँक रिकन्सिलेशन येतं" असं म्हणा. शेठला त्यातलं कळो न कळो, तो आत फोन करून सीएला विचारेल, आणि सीए म्हणेल, "उद्याच पाठवून दे."

पगाराचं तेव्हाच बोलून घ्या, आणि कितव्या तारखेला मिळतो तेही विचारा. "आधी काम बघू" हे उत्तर मिळालं तर महिना ठरवून घ्या, नाहीतर काम बघणं दिवाळीपर्यंत चालतं.

आणि "उद्यापासून ये" म्हटल्यावर कॅलेंडर बघा. उद्या 11 किंवा 20 तारीख असेल तर पोटात दुखतंय म्हणा. 11 ला जीएसटीआर-1 जातं, 20 ला 3बी. त्या दिवशी सीएच्या ऑफिसात गेलात तर तुम्हाला खुर्चीसुद्धा कोणी दाखवणार नाही, पोर्टल चालत नाही म्हणून सगळे एकाच स्क्रीनकडे बघत असतील. 21 ला जा. चहा मिळेल.